मच्छरदाणीत झोपूनही डेंग्यू कसा झाला?

जुलै महिना. लाखनीच्या चहूबाजूंना धानाची रोवणी चालू आहे. वर्गात रोज चार-दोन मुले गैरहजर असतात. कुणी रोवणीला गेलेले असते, तर कुणी तापाने पडलेले. रक्त तपासल्यावर कुणाला हिवताप निघतो, कुणाला डेंग्यू. मग एखादे पालक शाळेत येऊन विचारतात, "गुरुजी, आम्ही तर रोज मच्छरदाणी लावून झोपतो. मग पोराला डेंग्यू झालाच कसा?"

प्रश्न अगदी रास्त आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो, की दोन डासांची गोष्ट उलगडत जाते. दोघांची पाणी निवडण्याची रीत वेगळी, अंडी घालण्याची पद्धत वेगळी आणि चावण्याची वेळही वेगळी. एकाला आवरायचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून 'डास' असा एकच शब्द न वापरता 'कोणता डास' असे विचारणे भाग आहे.

हे न विचारल्याने काय होते, याचा अनुभव खुद्द रोनाल्ड रॉस यांनी घेतला होता. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी 1895 पासून सिकंदराबादला डासांमागून डास कापून पाहिले. पण ते डास होते करड्या रंगाचे किंवा पट्टेरी पायांचे, म्हणजे आज आपण ज्यांना क्यूलेक्स आणि एडीस म्हणतो ते. त्यांच्यात हिवतापाचा जंतू वाढतच नाही. अखेर ठिपकेदार पंखांचा एक वेगळा डास त्यांच्या हाती लागला, आणि 20 ऑगस्ट 1897 रोजी त्याच्या पोटाच्या भिंतीत त्यांना जंतू दिसला. तो डास होता ॲनॉफिलीस. डास बदलला तेव्हाच उत्तर सापडले.

घड्याळ दोघांचे

डेंग्यूचा विषाणू पसरवणारा मुख्य डास म्हणजे एडीस इजिप्ती. काळा, आकाराने लहान, पायांवर पांढरे पट्टे, म्हणून लोक त्याला 'टायगर मच्छर' म्हणतात. हा दिवसा चावतो. सूर्य उगवल्यानंतरचे दोन-तीन तास आणि मावळण्यापूर्वीचे काही तास या दोन वेळा त्याच्या विशेष आवडीच्या. मधल्या वेळेतही सावलीच्या खोलीत तो चावू शकतो. तो राहतोही घरातच: खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, कपाटाच्या सांदीत. पाठीमागून येऊन पोटरीला, घोट्याला चावण्याची त्याची खोड आहे. शाळेत बाकाखालचे उघडे पाय त्याला फार सोयीचे. शिवाय तो बिचकणारा डास आहे. हात हलला की उडतो आणि शेजारच्याला चावतो. पोट भरेपर्यंत तीन-चार जणांना चावून होते. एकाच घरात पाठोपाठ तिघे आजारी पडतात, त्यामागचे एक कारण हे आहे.

हिवतापाचे डास म्हणजे ॲनॉफिलीस कुळातले काही डास. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्यांपैकी ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीज हा प्रमुख, तर जंगल-डोंगराच्या पट्ट्यात झऱ्यांमध्ये वाढणारा फ्लुवियाटिलिस हाही महत्त्वाचा. हे रात्रीचे डास. अंधार पडल्यावर बाहेर पडतात आणि पहाटेपर्यंत चावतात. दिवसा कोठ्याच्या आणि घराच्या अंधाऱ्या भिंतींवर विसावतात. भिंतीवर बसताना डोके खाली, शेपूट वर, असे तिरपे बसतात. एडीस आणि क्यूलेक्स भिंतीला समांतर बसतात. हा फरक भिंगाशिवायही दिसतो.

दोन्हींत चावते ती फक्त मादी. अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. नर फुलांच्या रसावर जगतो.

आता त्या पालकांचे उत्तर अर्धे मिळाले. मच्छरदाणीने रात्रीचा डास अडवला. हिवतापाविरुद्ध तिचा उपयोग झाला. पण मुलाला डेंग्यूचा डास चावला तो सकाळी आठला, ओसरीवर बसून अभ्यास करताना, किंवा दुपारी चारला शाळेत. त्या वेळी मच्छरदाणी गुंडाळून ठेवलेली होती. उरलेले अर्धे उत्तर पाण्यात आहे.

कूलरच्या भिंतीवरचे काळे ठिपके

विदर्भातला उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. आणि एडीसच्या दृष्टीने कूलरइतकी सोयीची जागा दुसरी नाही: स्वच्छ, साचलेले पाणी, वर सावली, चारी बाजूंना गवताच्या ओलसर जाळ्या, आणि दहा पावलांवर माणसे. 1996 साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. दिल्लीच्या पाहण्यांत एडीसच्या अळ्या ज्या जागी वारंवार सापडत आल्या, त्यांत कूलर अग्रभागी आहे.

पण कूलरचा खरा धोका समजायचा तर एडीसची मादी अंडी कुठे घालते ते पाहिले पाहिजे. ती पाण्यावर अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीवर ती एकेक अंडे चिकटवते. एका खेपेस साधारण शंभर. घातल्यावर पांढरे असलेले अंडे काही तासांत काळे होते. लांबी एक मिलिमीटरहूनही कमी. उघड्या डोळ्यांना ते काजळीचे बारीक कण वाटतात. शिवाय सगळी अंडी ती एकाच भांड्यात घालत नाही. थोडी इथे, थोडी तिथे, अशी तीन-चार ठिकाणी वाटून टाकते.

अंडी ओलाव्यात दोन-तीन दिवस राहिली, की आतली अळी जवळपास पूर्ण तयार होते. यानंतर पाणी आटले तरी ती मरत नाही. अंड्याच्या कवचाआड ती कित्येक महिने तशीच थांबून राहते. पुन्हा पाणी चढले आणि अंडी बुडाली, की काही वेळातच अळ्या बाहेर येतात. त्यातही एक मेख आहे. सगळी अंडी पहिल्याच भिजण्यात फुटत नाहीत. काही दुसऱ्या, तिसऱ्या भिजण्यासाठी मागे राहतात. पहिला पाऊस पडून लगेच उघडीप झाली आणि डबके आटले, तरी वंश बुडू नये, अशी ही निसर्गाची तजवीज.

आता आपल्या घरी काय होते ते आठवून पाहा. मृगाचा पाऊस आला की कूलर बंद होतो. कुणी तरी बूच काढून पाणी सोडून देते. तळाशी बोटभर पाणी राहते, तेही चार दिवसांत आटते. कूलर आता कोरडा झाला, म्हणून आपण निर्धास्त होतो आणि जागा अडते म्हणून तो उचलून सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या आवारात, ठेवून देतो. त्याच्या भिंतीवर मे-जूनमध्ये घातलेली अंडी तशीच आहेत. जुलैच्या पावसात तळाशी पुन्हा दोन बोटे पाणी साचते. त्यानंतर दहा दिवसांत त्या 'बंद' कूलरमधून डास उडू लागतात. कूलर उन्हाळ्याचा, पण डास मात्र पावसाळ्याचे.

म्हणून कूलर बंद करताना तीन गोष्टी कराव्यात. टाकीच्या आतल्या भिंती काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासाव्यात, विशेषतः पाण्याच्या रेषेजवळचा पट्टा. जुने गवत काढून जाळून टाकावे, कारण ओल्या गवतावरही अंडी असू शकतात. आणि कूलर छपराखाली किंवा झाकून ठेवावा. नुसते पाणी ओतणे हे अर्धे काम. घासणे हे दुसरे अर्धे, आणि तेच बहुधा राहून जाते.

आठवड्यातून एकदाच का?

'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा' हे आरोग्य कर्मचारी सांगतात. हा सात दिवसांचा आकडा कुठून आला, हे मुलांना हिशेबाने दाखवता येते.

पावसाळ्यातल्या आपल्याकडच्या तापमानात अंड्यातून अळी बाहेर आल्यावर ती साधारण पाच-सहा दिवस पाण्यात खाते, वाढते आणि चार वेळा कात टाकते. मग तिचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोष होतो. कोष दोन दिवस काही खात नाही, पण हलतो. त्यानंतर डास उडतो. म्हणजे पाणी चढल्यापासून डास उडेपर्यंत सात ते दहा दिवस. थंडीत हाच काळ बराच लांबतो.

समजा, घरातली टाकी रविवारी रिकामी करून घासली आणि भरली. सोमवारी एखादी अळी जन्मली, तर पुढच्या रविवारी ती सहा दिवसांची असेल. अळी किंवा फार तर कोष. तिला अजून पंख फुटलेले नाहीत. पाणी ओतले की ती मेली. पण तीच टाकी पंधरा दिवसांनी रिकामी केली, तर मधल्या काळात एक अख्खी पिढी उडून गेलेली असते. तेव्हा पंधरवड्यातून केलेल्या सफाईचे श्रम वाया जातात.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. अळ्या असलेले पाणी गटारात किंवा दुसऱ्या डबक्यात ओतू नये. तिथे त्या जगू शकतात. कोरड्या मातीवर, उन्हात ओतावे. पाणी जिरले की अळ्या काही वेळात मरतात. पाण्याची टंचाई असेल तर ते दाट कपड्यातून गाळून घ्यावे, टाकी घासावी आणि गाळलेले पाणी सांडायच्या कामाला वापरावे.

बांधीतले पाणी आणि रोपांची उंची

आता दुसऱ्या डासाकडे वळू. भंडारा हा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, बोड्या, कालवे आणि त्यांवर पिकणारे धान. इतके पाणी पाहून कुणालाही वाटेल की हिवतापाचा डास इथल्या तलावातच वाढत असणार. पण खोल, लाटा उठणाऱ्या, मासे असलेल्या मोकळ्या पाण्यात ॲनॉफिलीसच्या अळ्या फारशा टिकत नाहीत. त्या सापडतात काठाला, गवत-शेवाळात, जिथे पाणी उथळ आहे आणि मासा पोचत नाही. क्युलिसिफेसीजच्या खास आवडीच्या जागा म्हणजे उन्हातले, उथळ, तुलनेने स्वच्छ पाणी: रोवणी झालेली बांधी, शेताचे पाट, रस्त्यासाठी माती काढून झालेले खड्डे, गुरांच्या खुरांचे ठसे, आणि पाऊस ओसरल्यावर चुलबंदसारख्या नदीच्या पात्रात मागे राहिलेली डबकी.

धानाच्या बांधीतही सर्वकाळ सारखाच डास नसतो. याविषयी एक सुंदर अभ्यास आपल्या देशात झाला आहे. तमिळनाडूच्या तंजावर भागात, पट्टुकोट्टई येथे, पॉल रसेल आणि टी. रामचंद्र राव हे शास्त्रज्ञ 1940 च्या सुमारास हिवतापाच्या डासांवर काम करत होते. रामचंद्र राव पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले. त्या दोघांना असे आढळले, की नुकत्याच रोवलेल्या शेतात क्युलिसिफेसीजच्या अळ्या पुष्कळ मिळतात, पण रोपे साधारण फूटभर उंच झाली की त्या जवळपास नाहीशा होतात. पाणी तेच, शेत तेच. मग फरक कशाने पडला? सावलीने?

त्यांनी पाण्यात रोपांऐवजी उभे अडथळे रोवून पाहिले. त्यांची सावली नगण्य. तरीही डासाने तिथे अंडी घालणे कमी केले. उत्तर मादीच्या वागण्यात होते. क्युलिसिफेसीजची मादी अंडी घालताना पाण्यावर बसत नाही. पाण्याच्या अगदी जवळ, तरंगत, नाचल्यासारखी उडते आणि उडता उडता अंडी सोडते. उंच रोपांची दाटी झाली की तिला नाचायला जागाच उरत नाही. ॲनॉफिलीसची अंडी पाण्यावर सुटी पडतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून ती होडीसारखी तरंगतात. एडीसच्या अंड्यांसारखी ती महिनोन्‌महिने कोरडी राहून जगू शकत नाहीत.

हा शोध लाखनीच्या शेतकऱ्याला सरळ लागू पडतो. रोवणीनंतरचे पहिले काही आठवडे हा क्युलिसिफेसीजसाठी सोयीचा काळ. ज्यांच्याकडे उन्हाळी धान असते, त्यांच्याकडे असा काळ वर्षातून दुसऱ्यांदा येतो. ज्या बांधीचे पाणी आपल्या हातात आहे, तिथे आठवड्यातून एकदा पाणी उतरवून दोन-तीन दिवस चिखल वाळू दिला तर अळ्या मरतात. पण भर पावसाळ्यात हे जमत नाही, आणि रोवणीच्या वेळी पाणी उतरवायला कोणता शेतकरी धजेल? शिवाय ॲनॉफिलीस एक-दोन किलोमीटर सहज उडून येतो. म्हणजे आपली बांधी कोरडी केली, तरी शेजारच्या दहा बांध्या ओल्या असतात.

इथेच दोन डासांमधला सर्वांत कामाचा फरक लक्षात येतो. एडीस आपल्या घराच्या शंभर-दोनशे मीटरच्या आतच वावरतो आणि आपणच साठवलेल्या पाण्यात वाढतो. ते पाणी आपल्या ताब्यात आहे, पण त्याची दिवसाची वेळ आपल्या ताब्यात नाही, कारण दिवसभर कुणी मच्छरदाणीत बसत नाही. ॲनॉफिलीसचे उलट. त्याचे पाणी गावभर, शिवारभर पसरलेले आहे, पण त्याची वेळ रात्रीची, आणि त्या वेळी आपण एका जागी झोपलेले असतो. म्हणून डेंग्यूसाठी पाणी सांभाळायचे आणि हिवतापासाठी रात्र सांभाळायची.

एका घराची फेरी

आता जुलैच्या मध्यावर लाखनीतले एक घर कल्पनेने उभे करू आणि रविवारी सकाळी त्याभोवती फेरी मारू. सोबत एक विजेरी, एक पांढरी वाटी आणि वही घ्यावी. टाकीत डोकावण्यापूर्वी विजेरी तिरपी धरावी. आपली सावली पडली की एडीसच्या अळ्या वळवळत तळाशी जातात आणि 'काहीच नाही' असे वाटते. एक-दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिले की त्या श्वास घ्यायला वर येतात.

सुरुवात घरातून. फ्रिजच्या मागे, खाली, पाणी जमण्याची एक ताटली असते. ती बहुतेकांना माहीतच नसते. ती ओढून पाहावी. एडीसला चहाच्या बशीएवढे पाणी पुरते. मनी प्लँटची बाटली, देवघरातले फुलांचे भांडे हेही पाहावे. न्हाणीत सिमेंटची टाकी आहे, नळ रोज येत नाही म्हणून ती सदा भरलेली. इथे सर्वांत जास्त अळ्या मिळण्याचा संभव, कारण वरून पाणी घेतले जाते पण तळ महिनोन्‌महिने रिकामा होत नाही. पिण्याचा माठ मात्र रोज धुतला जातो. तिथे अळी टिकत नाही.

छतावर प्लास्टिकची टाकी. झाकणाला तडा आहे, वाहून जाणाऱ्या पाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळी नाही. दोन्ही वाटांनी डास आत जातो. नळीला बारीक जाळी किंवा सुती कापड घट्ट बांधणे, हे पाच मिनिटांचे काम.

सांदवाडीत तो कूलर आहे. त्याच्या शेजारी एक फुटका माठ, नारळाच्या करवंट्या, कोंबड्यांचे पाण्याचे भांडे आणि एक जुना टायर. टायर ही मोठी फसवी वस्तू. तो कसाही उभा-आडवा ठेवला तरी आतल्या पन्हाळीत पाणी राहतेच, आणि ते ओतूनही पूर्ण निघत नाही. एक तर तो छपराखाली ठेवावा, नाही तर त्याला भोके पाडावीत. महामार्गालगतच्या पंक्चरच्या दुकानांमागे असे टायर पडून असतात, हेही ध्यानात ठेवावे. बांबूचे बेट असेल तर तोडलेल्या खुंटांच्या पेल्यात पाणी साचते. तिथे एडीसचाच भाऊबंद, एडीस अल्बोपिक्टस, वाढतो. तोही दिवसाच चावतो, पण घराबाहेर, झाडाझुडपांत. खुंट माती किंवा वाळूने भरून टाकावेत.

कोठ्यात गुरांचे टाके आहे. ते रोज उपसले जात असेल तर चिंता नाही. पण टाक्याभोवती चिखलात खुरांचे खोल ठसे आहेत, त्यांत ऊन पडलेले पाणी आहे. तिथे ॲनॉफिलीस मिळू शकतो. मुरूम टाकून ते बुजवावेत. वापरात नसलेली विहीर असेल तर तिच्यात गप्पी मासे सोडावेत. हा मासा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि अळ्या खातो. मात्र तो तलाव-नदीत सोडू नये. तिथले आपले देशी मासे हे काम करतातच, आणि परक्या माशाने त्यांची जागा घेणे बरे नव्हे.

शेवटी दारापुढचे तुंबलेले गटार. इथे काळ्या पाण्यात अळ्यांचा नुसता खच पडलेला असतो. पण त्या बहुतेक क्यूलेक्सच्या. संध्याकाळी कानाशी गुणगुणणारा आणि रात्रभर छळणारा डास बहुधा हाच असतो. तो डेंग्यू किंवा हिवताप पसरवत नाही. पण म्हणून त्याला सोडून द्यावे असे नाही. भंडारा जिल्ह्यात हत्तीपायाचा रोग आहे आणि तो क्यूलेक्समुळेच पसरतो. सांगायचे इतकेच, की गटार स्वच्छ झाले म्हणून डेंग्यू गेला, असे होत नाही. डेंग्यूचा डास गटारापेक्षा आपल्या स्वच्छ टाकीतच अधिक सुखाने राहतो. 'आमचे घर स्वच्छ आहे, इथे डास कसला?' असे म्हणणाऱ्या घरात तो अनेकदा सापडतो, तो यामुळेच.

अळीवरून ओळख

फेरीत मिळालेल्या अळ्या वाटीत घेऊन वर्गात आणता येतील. सूक्ष्मदर्शकाची गरज नाही, हातातले भिंग पुरे. पाणी स्थिर होऊ द्यावे आणि अळी श्वास घेताना कशी राहते ते पाहावे. ॲनॉफिलीसची अळी पृष्ठभागाला समांतर, काडीसारखी आडवी तरंगते, कारण तिला श्वासनळीचे नळकांडे नसते. एडीस आणि क्यूलेक्स दोन्ही डोके खाली करून लटकतात, कारण त्यांच्या शेपटीशी श्वासाचे नळकांडे असते. क्यूलेक्सचे नळकांडे लांब आणि सडपातळ, एडीसचे आखूड, जाड आणि गडद. एडीसची चाल नागमोडी, सापासारखी. कोणत्या भांड्यात कोणती अळी मिळाली, याचा तक्ता मुलांनीच करावा.

एका गल्लीतली वीस घरे मुलांनी वाटून घेतली आणि चार घरांत एडीसची अळी मिळाली, तर शंभरात वीस घरे दूषित असा आकडा निघतो. आरोग्य खातेही याच रीतीने घरांचा निर्देशांक काढते. दुसऱ्या आठवड्यात हाच आकडा पुन्हा काढला तर सफाई खरोखर झाली की नुसती सांगितली गेली, हे कळते. अळ्यांच्या वाटीवर जाळीचे कापड बांधून ठेवावे आणि कोष दिसू लागताच पाणी कोरड्या मातीवर ओतावे. प्रयोगाच्या नावाखाली वर्गात डास सोडायला नकोत.

नियमांना अपवाद

वर सांगितलेली वाटणी मोठ्या मानाने खरी असली, तरी ती काटेकोर नाही. विजेचा लख्ख दिवा असेल तर एडीस रात्रीही चावू शकतो. आणि 'घरातले स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यू, शेतातले म्हणजे हिवताप' हेही सर्वत्र चालत नाही. मुंबईत धानाची शेते नसतानाही हिवतापाने थैमान घातले होते. चार्ल्स बेंटले यांनी त्याची चौकशी करून 1911 साली अहवाल दिला. तिथला वाहक निघाला ॲनॉफिलीस स्टीफेन्सी, आणि तो वाढत होता घरांच्या विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत. त्यानंतर मुंबईत विहिरी बंदिस्त करण्याची आणि टाक्यांना डास शिरणार नाही अशी झाकणे लावण्याची मोहीम चालली. लाखनीसारख्या वाढत्या गावात आता छपराछपरावर टाक्या आहेत. तेव्हा टाकीत आडवी तरंगणारी अळी दिसली, तर नवल वाटू नये, पण ते आरोग्य केंद्राला जरूर कळवावे.

धुराची फवारणी हाही असाच समजून घ्यायचा विषय. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात. पाण्यातल्या अळीला आणि भिंतीवरच्या अंड्याला त्याचा काही उपद्रव होत नाही. आज धूर झाला, तर उद्या टाकीतल्या कोषांतून नवे डास उडतात. त्यातून घराची दारे-खिडक्या लावून घेतल्या असतील, तर खोलीत कपड्यांमागे बसलेला एडीस धुरातून सहीसलामत सुटतो. रुग्ण सापडलेल्या गल्लीत फवारणीला अर्थ आहे, पण ती पाणी ओतण्याच्या जागी चालत नाही.

आता पुन्हा त्या पालकांकडे येऊ. त्यांचे मूल घरी तापाने झोपले आहे. डेंग्यूच्या तापाचे पहिले चार-पाच दिवस त्याच्या रक्तात विषाणू असतो. या काळात त्याला चावलेल्या एडीसमध्ये विषाणू वाढायला आठ ते बारा दिवस लागतात. त्यानंतर तो डास जिवंत असेपर्यंत इतरांना आजार देऊ शकतो. म्हणजे घरातल्या धाकट्या भावंडाला वाचवायचे, तर तापाच्या पहिल्या दिवसापासून आजारी मुलाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवायला हवे, आणि त्याच दिवशी न्हाणीतली टाकी घासायला हवी. पालकांना सांगायचे ते हेच: तुमची मच्छरदाणी चुकली नाही, ती रात्रीपुरतीच होती. आता काही दिवस ती दिवसाही लावा, आणि सांदवाडीतला तो कूलर उचलून आत घ्या. पण घासूनच.